मागून येणारे आवाज

मराठी पत्राला मायना असे. वडीलधाऱ्यांना 'तीर्थरूप', धाकट्यांना 'चिरंजीव', त्यापुढे 'कृ. सा. न. वि. वि.', म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. यातला एकही शब्द लिहिणाऱ्याने स्वतः घडवलेला नसे. शाळेत तो घोटून घेतला जाई आणि पुढे आयुष्यभर तसाच वापरला जाई. पुष्कळदा मजकूर सांगणारा एक, लिहिणारा दुसरा आणि पत्र पोचल्यावर मोठ्याने वाचून दाखवणारा तिसराच असे. तरी 'तीर्थरूप' हा शब्द ठरलेला आहे म्हणून नातवाचा नमस्कार खोटा, असं कुठल्या आजोबांना वाटल्याचं ऐकिवात नाही. उलट मायना चुकला तर राग येई.

हे आठवायचं कारण असं, की परदेशातल्या नातवाने आजीआजोबांसाठी ध्वनिमुद्रित करून पाठवलेल्या वाढदिवसाच्या संदेशाबद्दल हल्ली नेमका हाच आक्षेप घेतला जातो. आधी लिहून काढलं, मग वाचलं, चार वेळा मुद्रित केलं, त्यातलं बरं ते निवडलं आणि वर घरातले आवाज मागे मिसळले. मग यात जिव्हाळा तो कुठे राहिला? सहज, न ठरवता, भरल्या गळ्याने बोलला असता तर ते खरं, असं आपण धरून चालतो. प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. दूर राहणारी माणसं एकमेकांना स्वतःचं काय आणि किती पोचवतात, आणि त्यात बनावट नेमकी कुठून सुरू होते, हा तो प्रश्न आहे.

माझ्या परिचयातल्या एका घराचं उदाहरण घेतो. आजीआजोबा इंदूरला, तीन पिढ्या तिथेच. नातू टोरांटोला, त्या वर्षी एकटाच. आजोबांचा एक्याऐंशिवा वाढदिवस आणि सहस्रचंद्रदर्शन एकत्र करायचं ठरलं होतं. चांद्रमास सुमारे २९.५३ दिवसांचा, अशा हजार पौर्णिमांना साधारण ८० वर्षं आणि १० महिने लागतात, त्यामुळे हा बेत सोयीचा होता. समारंभ हिवाळ्यात सकाळी ११ वाजता, म्हणजे टोरांटोत मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. जागं राहणं अवघड नव्हतं. अडचण वेगळी होती. आजोबांच्या कानाला यंत्र, सभागृहात साठेक नातेवाईक, आणि थेट फोनवरचं बोलणं तिथे कुणालाच धड ऐकू आलं नसतं. म्हणून दोन-तीन मिनिटांचा संदेश आधीच पाठवायचं ठरलं.

पहिला खर्डा त्याने एका बैठकीत लिहिला. 'तुम्ही आम्हाला संस्कार दिलेत, तुमचे उपकार विसरता येणार नाहीत, तुम्ही आमचे आधारवड आहात.' वाचून पाहिल्यावर त्याच्याच लक्षात आलं, की हे कुणाच्याही आजोबांना चाललं असतं. शिवाय ही भाषा त्याची नव्हती. त्याच्या घरची मराठी इंदूरची, तिच्यात हिंदी शब्द येऊन-जाऊन असतात. खर्डा मात्र पुण्याच्या व्यासपीठावरून बोलत होता. आणखी एक अडचण सर्वनामाची निघाली. या घरात आजोबांना 'तुम्ही' आणि आजीला 'तू'. दोघांना एकत्र 'तुम्ही' म्हटलं की आजी परकी होते. तेव्हा एकाच वाक्यात दोघांना गुंडाळता येईना. प्रत्येकाशी वेगळं बोलावं लागलं. आणि वेगळं बोलायचं म्हटल्यावर वेगळं काय सांगायचं, हे शोधावं लागलं.

दुसऱ्या खर्ड्यात आजोबांसाठी सायकलचं पंक्चर आलं. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते नातवाला शोधायला लावायचं आणि त्याला सापडेपर्यंत आपण गप्प बसायचं, ही आजोबांची रीत. आजीसाठी आलं ते एक वाक्य, 'तू मला कधी "अभ्यास कर" म्हणाली नाहीस, फक्त दिवा माझ्याकडे सरकवायचीस.' हे दोन तपशील सुचायला त्याला तीन दिवस लागले. फोनवर ते कधीच आले नव्हते. दर रविवारच्या फोनवर जेवण झालं का, थंडी किती, गुडघा कसा आहे, एवढ्यात वेळ सरतो. ती बोलणी खोटी नसतात. पण सहज बोलताना तोंडात येतं ते बहुधा सवयीचं असतं, आणि मनात खोल असतं ते हाकेसरशी वर येत नाही. त्याला शोधून आणावं लागतं. लिहून काढणं म्हणजे इथे नेमकं एवढंच होतं.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार नाट्यशास्त्राने फार पूर्वी केला आहे. नटाची संहिता ठरलेली असते, तरी त्याने सात्त्विक भाव दाखवावेत अशी अपेक्षा असते. अश्रू, रोमांच, कंप, आवाज फुटणे, असे ते आठ. ते नुसत्या हातवाऱ्यांनी येत नाहीत. मन एकाग्र झाल्याशिवाय सत्त्व निर्माण होत नाही, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे शब्द आधीपासून ठरलेले असणं हा भावाचा अडथळा मानलेला नाही. अडथळा आहे तो मन दुसरीकडे असणं हा. ही कसोटी नातवालाही लावता येते. वाचताना तो कुठे होता? घमेल्यातल्या बुडबुड्यांपाशी होता, की एकदाचं हे उरकावं या विचारात?

त्याने पाच वेळा मुद्रण केलं. तिसऱ्या वेळी 'दिवा सरकवायचीस' या शब्दांवर आवाज फुटला. पाचव्या वेळी सगळं स्वच्छ झालं. कोणतं पाठवायचं? स्वच्छ पाठवलं तर कोरडं वाटेल आणि फुटलेलं पाठवलं तर दिखाऊ, अशी त्याला भीती. इथे एक फरक नीट पाहायला हवा. तिसऱ्या वेळचा आवाज आपोआप फुटला होता. तो ठेवणं ही निवड. पाचव्या वेळी तोच परिणाम आठवून आवाज मुद्दाम फोडला असता, तर ती नक्कल. निवडणं आणि नक्कल करणं यांना आपण घाईने एकाच पारड्यात टाकतो. पत्र लिहिणाराही एखादा कागद फाडून दुसरा लिहीतच असे. नातवाने तिसरं मुद्रण ठेवलं. पण त्यात 'सरकवायचीस' हा शब्द अर्धा गिळला गेला होता आणि आजीपर्यंत तो पोचणंच मुळात महत्त्वाचं, म्हणून तेवढं वाक्य पाचव्यातून घेतलं. फुटलेला आवाज त्याच्या पुढच्या वाक्यात थोडा उरला. भावापेक्षा शब्दाला मान दिला, असं म्हणता येईल.

आता मागच्या आवाजांकडे येऊ. खरा पेच तिथे आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखाती देशांत गेलेले केरळी कामगार आणि त्यांची घरची माणसं कॅसेटवर बोलून ती एकमेकांना पाठवत. त्या कॅसेटमध्ये कोंबडा, पाऊस, रडणारं मूल हे सगळं आपोआप येई, कारण टेपरेकॉर्डरला माणूस आणि घर यांत भेद करता येत नसे. आजचा फोन तो भेद करतो. थेट संभाषणाची बहुतेक साधनं बोलणाऱ्याचा आवाज पुढे आणून बाकी सगळ्याला गोंगाट ठरवतात आणि पुसतात. कुकरची शिट्टी, भांडी, दारावरची घंटा, कधी टाळ्यासुद्धा. म्हणजे जो थेट फोन आपण अस्सल समजतो, त्यात घर आधीच कापून टाकलेलं असतं. त्यामुळे मुद्रित संदेशात घर परत आणून ठेवणं ही आपोआप लबाडी ठरत नाही. कोणतं घर, कुठून आणलं आणि ऐकणाऱ्याला त्यातून काय समजेल, यावर ते ठरतं.

मागचे आवाज तीन प्रकारचे असू शकतात. पहिला, बोलताना त्या खोलीत खरोखर होते ते. टोरांटोच्या त्या खोलीत हीटरची बारीक घरघर होती. दुसरा, त्याच कुटुंबाचे खरे आवाज, पण दुसऱ्या वेळचे. नातवाकडे दोन उन्हाळ्यांपूर्वी इंदूरच्या घरी फोनवर घेतलेलं चार मिनिटांचं मुद्रण होतं. त्यात झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर होती, ताटवाट्या होत्या, रस्त्यावरून जाणारा भाजीवाला होता. तिसरा प्रकार, विकत किंवा फुकट मिळणारे तयार आवाज. 'आनंदी कुटुंब', 'खेळणारी मुलं', 'सणाची गडबड' अशा नावांनी ते मिळतात आणि ऐकायला फार छान असतात.

पहिल्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्यात धोका असा, की ऐकणाऱ्याला काळाचा घोटाळा होईल. त्यावरचा उपाय सोपा निघाला. मजकुरातच एक वाक्य घातलं, 'आजोबा, मागे ऐकू येतोय तो झोपाळा ओळखलात का? मागच्या वेळी आलो तेव्हा भरून घेतला होता.' या वाक्यानंतर तो आवाज फसवणूक राहत नाही, ती भेटवस्तू होते. त्याआधीच्या भागात नुसता हीटर ठेवला. मी इथून बोलतोय, आणि हे तिथलं जवळ ठेवलंय, असे दोन भाग कानाला वेगळे कळले.

तिसऱ्या प्रकाराचा मोह मात्र खरा होता. आजीची एकच काळजी: हा तिकडे एकटा आहे. मागे दोन-चार माणसांची हलकी कुजबुज, एखादं हसू, कपबशा, एवढं घातलं असतं तरी तिला वाटलं असतं, बरं आहे, पोरगा माणसांत आहे. एकही खोटा शब्द उच्चारावा लागला नसता. महाभारतातली 'नरो वा कुंजरो वा'ची गोष्ट आपल्या भाषेत वाक्प्रचार होऊन राहिली आहे. लोकांत सांगितली जाते त्या कथेत युधिष्ठिर 'हत्ती' हा शब्द उच्चारतो, पण त्याच क्षणी शंख वाजतो आणि द्रोणांना तो ऐकू जात नाही. म्हणजे खोटं बोललं गेलं नाही; खोटं घडवलं ते मागच्या आवाजाने. पार्श्वध्वनीने केलेल्या फसवणुकीचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही. आणि परंपरेने युधिष्ठिराला त्याची सूट दिलेली नाही. जमिनीला न टेकता चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली आला, असंच सांगितलं जातं.

आजीला बरं वाटावं म्हणून घातलेलं हसू शंखापेक्षा कितीतरी सौम्य आहे, हे खरं. पण त्याचं काम तेच आहे. तिने एक दिवस विचारलं असतं, 'मागे कोण हसत होतं रे?' या प्रश्नाचं उत्तर देता येतं का, ही मला या सगळ्यातली उपयोगी कसोटी वाटते. झोपाळ्याबद्दल विचारलं तर उत्तर सांगताना आनंद होतो. हीटरबद्दल विचारलं तर 'थंडी आहे गं इथे' म्हणता येतं. हसण्याबद्दल विचारलं तर दुसरं खोटं तयार ठेवावं लागतं. शिवाय त्या हसण्याने तिची काळजी मिटली असती, आणि काळजी मिटल्यावर ती विचारायची थांबली असती. एकट्या माणसाची चौकशी बंद पाडण्याची ही किंमत त्यालाच मोजावी लागली असती. त्याने तयार आवाज घेतले नाहीत. एकटेपणाबद्दल संदेशात काही सांगितलंही नाही. वाढदिवस ती सांगण्याची जागा नव्हती. न सांगणं आणि उलट भासवणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर सांभाळणं रोजच्या व्यवहारात आपल्याला करावंच लागतं.

खऱ्या आवाजांनीही एक पेच टाकला. झोपाळ्याच्या त्या चार मिनिटांत एका ठिकाणी स्वयंपाकघरातून हाक येते, 'अगं, चहा टाकू का?' तो आवाज आजीच्या धाकट्या बहिणीचा. ती मधल्या काळात गेली होती. मिसळताना हे नातवाच्या लक्षात आलं. आवाज अस्सल होता, त्याच घरातला, त्याच दुपारचा. आजीचा कान तो कितीही हलका असला तरी ओळखणार, हेही नक्की होतं. साठ माणसांसमोर, ८१ दिव्यांनी औक्षण चालू असताना, तिने तो अचानक ऐकावा का?

इथे सत्याची कसोटी पुरत नाही. ठेवला तर खरं, कापला तरी काही खोटं होत नाही. सत्य बोलावं, प्रिय बोलावं, अप्रिय सत्य बोलू नये आणि प्रिय असलं तरी असत्य बोलू नये, असा मनुस्मृतीतला सल्ला आहे. तो ऐकायला सोयीस्कर वाटतो, कारण अप्रिय सत्य कायमचं गाडून टाकायला त्याचा आधार घेता येतो. मला वाटतं, सत्य कधी आणि कुणासमोर ऐकायचं हे ठरवण्याचा हक्क ते ज्याचं आहे त्याला मिळायला हवा. नातवाने संदेशातून ती हाक काढली आणि झोपाळ्याचा दुसरा तुकडा घेतला. अखंड मुद्रण जपून ठेवलं आणि काही दिवसांनी आईकरवी आजीला विचारलं, 'मावशीआजीचा आवाज आहे त्यात, ऐकायचाय का?' आजी म्हणाली, 'आत्ता नको, पण पुसू नको.' एवढ्या उत्तरासाठी तिला एकांत मिळाला, हेच त्या कात्रीचं समर्थन.

एक गोष्ट उरते, ती कानाची. वय वाढतं तशी आधी वरच्या पट्टीतली श्रवणशक्ती कमी होते. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं त्या भागात असतात. स्वर खालच्या भागात. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला बोलणं ऐकू येतं पण कळत नाही; आणि मागे दुसरा आवाज असला की कळणं आणखी अवघड होतं. तरुण कानाला ऊबदार वाटणारी पार्श्वभूमी ऐंशीच्या कानाला भिंत होते. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या वरच्या पातळीवर मागचा आवाज बोलण्यापेक्षा निदान २० डेसिबलने खाली असावा असं म्हटलं आहे. कानाला तो साधारण चौथाईच भासतो. नातवाने पहिलं मिश्रण हेडफोन लावून केलं होतं. ते फोनच्या छोट्या स्पीकरवर, दुसऱ्या खोलीतून वाजवून पाहिल्यावर झोपाळ्याखाली 'घमेलं' हा शब्द हरवला. मग तो आवाज खाली घेतला, आणि बोलणं चालू असताना जवळजवळ पुसून फक्त वाक्यांच्या मधल्या फटींत वर आणला. ही तांत्रिक बाब वाटेल, पण हीच नीतीची बाब आहे. ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला ते कळावं, की करणाऱ्याला छान वाटावं, हे त्या २० डेसिबलमध्ये ठरतं.

शेवटी नमस्कार होता. 'आजोबा, आजी, इथूनच वाकून नमस्कार करतो.' आपल्या रीतीत नमस्कार एकट्याने पुरा होत नाही. त्याला आशीर्वादाचं उत्तर लागतं. मुद्रित संदेश उत्तर ऐकू शकत नाही, हे त्याचं खरं उणेपण, आणि ते लपवता येत नाही. त्याने तिथे सात सेकंद काही बोलायचं नाही असं ठरवलं. पहिल्यांदा ती जागा अगदी कोरी ठेवली, तर ऐकणाऱ्या मित्राला वाटलं, संपलं. पूर्ण निःशब्दता कानाला तुटल्यासारखी वाटते. म्हणून ध्वनिमुद्रण करणारे लोक रिकाम्या खोलीचाही आवाज वेगळा भरून घेतात. त्याने आपल्या खोलीतल्या हीटरची घरघर त्या सात सेकंदांत चालू ठेवली. त्या आवाजाने काही सुचवलं नाही, काही सजवलं नाही. मी अजून इथे आहे, वाकलेलाच आहे, एवढंच सांगितलं.

सभागृहात त्या सात सेकंदांत आजोबा काही म्हणाले. आजीने तांदळाचे दाणे फोनच्या दिशेने टाकले. ते नातवाला रात्री कुणीतरी पाठवलेल्या चित्रफितीत दिसलं. आजोबांचे शब्द मात्र साधनाने गोंगाट समजून पुसले होते. दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून विचारलं, 'आजोबा, काय म्हणालात?' ते म्हणाले, 'आता परत कशाला सांगू? ते तेव्हाच पोचलं.' मग थोडं थांबून त्यांनी ते पुन्हा सांगितलं.